उरलेल्या केकच्या चुऱ्याचे केक पॉप: मिश्रण बांधण्यापासून चॉकलेटमध्ये बुडवण्यापर्यंत

ज्या घरात वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेतल्या जातात, त्या घरात केकचा चुरा साचतोच. ओव्हनमधून निघालेला केक मध्यभागी फुगलेला असतो आणि थर एकमेकांवर नीट बसावेत म्हणून तो फुगवटा सुरीने सपाट कापावा लागतो. माझ्या हातून एक किलोच्या केकमागे शंभर ते सव्वाशे ग्रॅम कापण बाजूला पडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी घरूनच केक करून देते. सुरुवातीला हे कापण मुले येताजाता खात असत, पण हिवाळ्यात एका आठवड्यात चार-पाच ऑर्डरी आल्या की मुलांनाही त्याचा कंटाळा येतो. मग मी त्याचे केक पॉप, म्हणजे चुरा क्रीमने बांधून, काडीला लावून चॉकलेटमध्ये बुडवलेले गोळे, करू लागले, आणि पहिल्या दोन-तीन खेपांना ते काडीवरून घसरून चॉकलेटच्या भांड्यातच पडले.

त्या खेपांमध्ये चूक प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी होती. चॉकलेट चांगले होते, काडी चांगली होती, मात्र चुऱ्यात क्रीम जास्त पडले होते. म्हणून या लेखात क्रीमच्या प्रमाणावर मी सर्वांत जास्त लिहिले आहे. ट्रफल आणि केक पॉप यांचे मिश्रण एकच असते. ट्रफलला काडी नसते आणि तो बुडवून सपाट कागदावर ठेवायचा असतो, त्यामुळे थोडे सैल मिश्रण त्याला चालून जाते. केक पॉपला ओल्या चॉकलेटचे वजन अंगावर घेऊन बारीक काडीवर उभे राहायचे असते, त्यामुळे त्याला ढिलाई चालत नाही. जे मिश्रण पॉपला चालते ते ट्रफललाही चालते, म्हणून पुढचे सगळे पॉप डोळ्यांसमोर ठेवून सांगते.

चुरा कसा हवा

कापण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वापरावे. ते लगेच वापरायचे नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे, कारण उघडे राहिलेले कापण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत एका रात्रीत टोस्टासारखे कडक होते. ज्या केकला आंबूस वास येतो, ज्यावर बुरशीचा ठिपका दिसतो किंवा जो ताज्या फळांसह व क्रीमसह दिवसभर समारंभात बाहेर राहिला आहे, त्याचा चुरा करू नये. चॉकलेटचे आवरण चढवल्याने बिघडलेला केक चांगला होत नाही. फक्त तो बिघडल्याचे दिसत नाही, आणि म्हणूनच ते अधिक वाईट.

कडेची आणि वरची तपकिरी, चिवट साल काढून टाकावी. ती कितीही चुरडली तरी तिचे बारीक कडक तुकडे राहतात, क्रीम त्यांच्यात मुरत नाही आणि गोळा वळताना ते पृष्ठभागावर येऊन टोचतात. त्यावर चॉकलेट चढवले की नेमका तिथे उंचवटा दिसतो. साल काढलेला मऊ भाग दोन्ही तळहातांमध्ये चोळून भरड रव्याएवढा बारीक करावा किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीवर घासून खाली पाडावा. मिक्सर वापरायचाच असेल तर एकदा, फार तर दोनदा झटका द्यावा. अधिक फिरवल्यास ओलसर केकचा लगदा होतो. त्या लगद्यात क्रीम घातल्यावर कणकेसारखा चिकट गोळा तयार होतो आणि त्याला केकची चव असली तरी पोत केकचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. कापण कोरड्या केकचे आहे की साखरेचे पाणी शिंपडलेल्या केकचे, हे वेगवेगळे ओळखून ठेवावे. क्रीम लावण्याआधी आपण थरांवर साखरेचे पाणी शिंपडतो, आणि त्यानंतर कापलेले किंवा वाढून उरलेले तुकडे आधीच ओले असतात. अशा चुऱ्याला क्रीम फार थोडे लागते, कधीकधी तर लागतही नाही. दोन्ही प्रकारचा चुरा एकत्र केल्यास प्रमाणाचा अंदाजच चुकतो.

बांधायला कोणते क्रीम

केक सजवताना आपल्याकडे सर्रास वापरले जाते ते फेटायचे व्हिप क्रीम, आणि भांड्याला लागलेले उरलेले क्रीम चुऱ्यात घालायचा मोह प्रत्येकीलाच होतो. ते घालू नये असे माझे मत आहे. त्यात पाणी आणि हवा भरपूर असते. हवा मिसळताना बसते, पाणी चुरा शोषून घेतो, आणि गोळा घट्ट होण्यासाठी जो थंड झाल्यावर गोठणारा स्निग्ध पदार्थ हवा, तो त्यात कमी पडतो. असा गोळा फ्रिजमध्येही स्पंजासारखा दबतो आणि लवकर खराब होतो.

गोळा घट्ट बसतो तो दोन प्रकारच्या क्रीमने. पहिले म्हणजे बटरक्रीम. मीठ नसलेले ५० ग्रॅम लोणी मऊ करून त्यात चाळलेली १०० ग्रॅम आयसिंग शुगर घालावी, ते फिकट होईपर्यंत फेटावे आणि फारच घट्ट वाटले तरच चमचाभर दूध घालावे. घरचे लोणी वापरणार असाल तर ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून त्यातले ताक आणि पाणी पूर्णपणे काढावे. लोण्यात राहिलेले पाणी चुऱ्यात जाते, आणि वजनाप्रमाणे योग्य घातलेले क्रीमसुद्धा मग जास्त ठरते. घरी दळलेली पिठीसाखर चालते, मात्र ती मलमलच्या कापडातून गाळावी, नाहीतर कण दाताखाली येतात.

दुसरे म्हणजे चॉकलेट आणि दुधाचे क्रीम यांचे गनाश. १०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट बारीक चिरून त्यावर ५० ग्रॅम गरम क्रीम ओतावे, दोन मिनिटे झाकून ठेवावे आणि मग मधून सुरुवात करून हलकेच ढवळावे. थंड झाल्यावर ते लोण्यापेक्षा घट्ट होते. चॉकलेट केकच्या चुऱ्याला मी हेच वापरते, आणि फेब्रुवारी सरत आल्यावर ऊन तापू लागले की व्हॅनिलाच्या चुऱ्यालाही पांढऱ्या कंपाउंडचे गनाश घेते. पांढरे कंपाउंड मुळातच मऊ असल्याने १०० ग्रॅमला क्रीम ३० ते ३५ ग्रॅमच घ्यावे. बटरक्रीममध्ये लोण्याचा तिसरा हिस्सा वनस्पती तूप घालूनही गोळा उन्हाळ्याच्या तोंडावर टिकवता येतो. त्याहून जास्त घातले तर ते टाळूला चिकटून राहते, आणि तो थर खाणाऱ्याच्या लक्षात येतोच.

किती क्रीम घालायचे

सुरुवातीसाठी एक आकडा लक्षात ठेवावा. साध्या, न भिजवलेल्या केकच्या चुऱ्याला त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाइतके क्रीम लागते, म्हणजे १०० ग्रॅम चुऱ्याला २० ग्रॅम. मात्र हा आकडा शेवटचा समजू नये. चॉकलेटच्या ओलसर केकला १५ ग्रॅमही पुरतात, दोन दिवसांच्या कोरड्या व्हॅनिला केकला २५ ग्रॅम लागू शकतात, आणि साखरेचे पाणी दिलेल्या चुऱ्याला ५ ते १० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. म्हणून एकूण अंदाजाच्या दोन तृतीयांश क्रीम आधी घालावे आणि बाकीचे चमच्याचमच्याने.

हा अंदाज बांधायला मला माझ्या सासूबाईंचे एक वाक्य कामाला आले. त्या दिवशी माझे पॉप भांड्यात पडत होते आणि त्या चुलीपाशी डिंकाचे लाडू वळत बसल्या होत्या. माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या, “बाई, लाडू फुटला तं तूप कमी, बसला तं तूप जास्त.” केकच्या चुऱ्याला हेच लागू पडते. फरक इतकाच की लाडवातले तूप गरम असताना पातळ असते आणि त्याचा परिणाम थंड झाल्यावर दिसतो, तर केकचा चुरा क्रीममधला ओलावा सावकाश शोषत राहतो. म्हणून क्रीम मिसळल्यावर लगेच निर्णय करू नये. मिश्रण झाकून वीस मिनिटे ठेवावे आणि मगच मूठ वळून पाहावी. लगेच पाहिले तर मिश्रण कोरडे वाटते, आपण आणखी क्रीम घालतो, आणि अर्ध्या तासाने ते लगद्यासारखे होते. माझे पहिले सगळे गोळे याच घाईने बिघडले होते.

मूठ वळून पाहण्याची पद्धत अशी. लिंबाएवढे मिश्रण मुठीत घेऊन एकदाच, बेताच्या जोराने दाबावे आणि मूठ उघडावी. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले, तो अखंड राहिला आणि तळहात जवळजवळ कोरडा राहिला, तर मिश्रण जमले. आता तोच गोळा दोन बोटांनी मधून तोडावा. तो तुटताना आत केकचे दाणे दिसले पाहिजेत. तो न तुटता कणकेसारखा ताणला गेला तर क्रीम जास्त झाले आहे किंवा मिश्रण फार मळले गेले आहे. दाबताक्षणी कडेला भेगा पडल्या आणि बोटांतून चुरा गळू लागला तर क्रीम कमी आहे. तळहातावर तुपकट चकाकी राहिली तर क्रीम नक्की जास्त झाले, मग गोळा कितीही गोल दिसत असला तरी.

क्रीम जास्त झाल्यास उपाय एकच, तो म्हणजे आणखी चुरा. त्यासाठी मी साधारण पाचवा भाग चुरा सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवते. चुरा उरला नसेल तर बारीक कुटलेली साधी बिस्किटे चालतात, पण त्यांच्यामुळे गोडी आणि पोत दोन्ही बदलतात. मैदा किंवा कोरडी दूध पावडर घालून ओलावा टिपण्याचा प्रयत्न करू नये. मैदा कच्चा असतो आणि तो कच्चा खाऊ नये, दूध पावडर काही वेळाने चिकट होते.

मिसळायला मी हातच वापरते, पण बोटांच्या टोकांनी, पोह्यांना तेल-तिखट चोळतो तसे. सराट्याने घोटल्यास चुरा दबतो. हात गरम असतील तर लोणी वितळते, म्हणून अधूनमधून हात गार पाण्याखाली धरावेत आणि पूर्ण कोरडे करूनच पुन्हा मिश्रणात घालावेत.

एक खेप, वजनासकट

गेल्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आधी चार चॉकलेट केकच्या ऑर्डरी लागोपाठ आल्या आणि साल काढल्यावर ४८० ग्रॅम चुरा हाती आला. त्यातला ८० ग्रॅम बाजूला ठेवला आणि ४०० ग्रॅमपासून सुरुवात केली. त्या दिवशी गनाशऐवजी तयार बटरक्रीम शिल्लक होते. ४०० ग्रॅमचा पाचवा भाग ८० ग्रॅम, आणि त्याचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम मी आधी घातले. वीस मिनिटांनी मूठ वळली तेव्हा गोळा झाला, पण कडेला बारीक भेग पडली. आणखी १५ ग्रॅम घालून दहा मिनिटे थांबले. आता गोळा अखंड राहिला आणि तोडल्यावर दाणेही दिसले. म्हणजे ४०० ग्रॅमला ७० ग्रॅम पुरले, पाचव्या भागाहून थोडे कमीच. मग राखून ठेवलेला ८० ग्रॅम चुरा आणि त्याच हिशेबाने १४ ग्रॅम क्रीम त्यात मिसळले, आणि एकूण मिश्रण ५६४ ग्रॅम झाले.

प्रत्येक गोळा २२ ग्रॅमचा धरला. हा आकार मला अनेक प्रयोगांनंतर पटला आहे. तो सुमारे सव्वातीन सेंटिमीटर व्यासाचा होतो, दोन घासांत संपतो आणि बारीक कागदी काडीवर उभा राहतो. ३० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर तीच काडी वाकू लागते. २२ ग्रॅमचे पंचवीस गोळे म्हणजे ५५० ग्रॅम, उरलेले १४ ग्रॅम चव बघण्यात गेले. वजन काट्यावरच करावे, कारण डोळ्यांना सारखे वाटणारे गोळे काट्यावर १८ ते २८ ग्रॅमपर्यंत भरतात, आणि मग लहान गोळा आधी थंड होतो, मोठा नंतर, आणि बुडवताना सगळे एकसारखे वागत नाहीत.

वळणे, थंड करणे, काडी लावणे

गोळा आधी मुठीत दोन-तीनदा घट्ट दाबावा आणि मगच तळहातांत फिरवावा. न दाबता नुसता फिरवल्यास तो बाहेरून गुळगुळीत दिसतो पण आत पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतली हवा पुढे गरम चॉकलेटमुळे बाहेर येते आणि आवरणाला टाचणीएवढी भोके पाडते. वळलेले गोळे ताटात बटर पेपरवर ठेवून, झाकून, फ्रिजमध्ये तीस ते चाळीस मिनिटे ठेवावेत. फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. का, ते पुढे सांगते.

काडी कागदी असेल तर उत्तम. बांबूची अणकुचीदार काडी लहान मुलांसाठी वापरू नये, आणि वापरलीच तर टोक कापून टाकावे. काडीचे टोक वितळलेल्या चॉकलेटमध्ये साधारण दीड सेंटिमीटर बुडवावे आणि गोळ्यात निम्म्यापर्यंत सरळ खुपसावे, त्याहून आत नाही. काडी पार गेली की गोळा दुसऱ्या बाजूने फुटतो. काडीभोवती चॉकलेटची बारीकशी बांगडी तयार होते आणि ती गोठल्यावर गोळ्याला धरून ठेवते. काडी लावून झाल्यावर पंधरा मिनिटे पुन्हा फ्रिज. ही पंधरा मिनिटे वाचवणाऱ्यांचेच गोळे भांड्यात पडतात.

चॉकलेट वितळवणे

बुडवण्यासाठी कंपाउंड चॉकलेटच घ्यावे. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते आणि त्यामुळे ते टेंपरिंग, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवून-निववून घेणे, न करताही गोठते व चकाकते. खऱ्या चॉकलेटला टेंपरिंग करावे लागते, आणि ते न केल्यास त्यावर राखाडी पट्टे उमटतात.

पंचवीस पॉपना प्रत्यक्षात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास चॉकलेट लागते, कारण एका गोळ्यावर सुमारे ९ ग्रॅम चढते. तरीही ४०० ग्रॅम वितळवावे. भांड्यात खोली असल्याशिवाय गोळा एका दमात पूर्ण बुडत नाही, आणि उरलेले चॉकलेट बटर पेपरवर ओतून गोठवले की पुन्हा वापरता येते. मायक्रोवेव्ह नसेल तर गंजात दोन बोटे पाणी गरम करून गॅस बंद करावा आणि त्यावर चिरलेल्या चॉकलेटचे कोरडे भांडे असे ठेवावे की त्याची बूड पाण्याला लागणार नाही. ढवळताना घाई करू नये. भांडे उचलल्यावर त्याची बूड कापडाने पुसावी, कारण तिथला एक थेंब दुसऱ्या भांड्यात पडला तरी घात होतो. थोड्याशा पाण्याने चॉकलेटमधली साखर आणि कोकोची पावडर ओली होऊन एकमेकांना चिकटते आणि सगळे चॉकलेट रेतीसारखे घट्ट होते. तसे झाले तर ते बुडवायला पुन्हा कधीच उपयोगी पडत नाही. पण टाकून देऊ नये. त्यात गरम दूध किंवा क्रीम चमच्याचमच्याने घालत ढवळल्यास ते पुन्हा गुळगुळीत होते, आणि पुढच्या खेपेला चुरा बांधायला वापरता येते. पाण्यातला खाद्यरंग पांढऱ्या कंपाउंडमध्ये घातल्यावरही हाच प्रकार होतो. त्यासाठी तेलातला किंवा पावडरचा रंग घ्यावा.

वितळलेले चॉकलेट तसेच वापरल्यास बहुधा दाट असते आणि त्याच्या वजनानेच गोळा ओढला जातो. ४०० ग्रॅमला दोन चहाचे चमचे रिफाइंड तेल किंवा खोबरेल तेल घालावे. घाण्याचे शेंगदाणा तेल चांगले असले तरी त्याचा वास चॉकलेटवर मात करतो. पांढऱ्या कंपाउंडला तीन चमचेही लागतात. दाटपणा धिरड्याच्या पिठासारखा हवा, म्हणजे चमचा उचलल्यावर अखंड धार पडावी आणि पडलेली धार तीन-चार सेकंदांत पृष्ठभागात मिसळून जावी. तेल यापेक्षा जास्त घातले तर आवरण पातळ आणि मऊ राहते, हातात धरताच त्यावर बोटाचा ठसा उमटतो.

तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. थर्मामीटर नसल्यास स्वच्छ मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून पाहावा. तो कोमट लागला पाहिजे, चटका देता कामा नये. गरम चॉकलेट गोळ्यातले लोणी वितळवते आणि काडीची बांगडीही सैल करते.

बुडवणे

पसरट वाटीऐवजी पाणी प्यायचा उभा, अरुंद स्टीलचा पेला घ्यावा आणि तो गरम पाण्याच्या गंजात ठेवावा, म्हणजे चॉकलेट घट्ट होत नाही. पाण्याचा शिंतोडा आत उडणार नाही इतकेच पाणी असावे.

गोळा काडीने धरून उलटा, सरळ खाली न्यावा, काडीच्या बुडापर्यंत चॉकलेट चढेपर्यंत, आणि लगेच सरळ वर काढावा. आत फिरवू नये, ढवळू नये. फिरवण्याने दाट चॉकलेट गोळ्याला एका बाजूला ओढते आणि तिथेच काडी निसटते. वर काढल्यावर गोळा पेल्यावर तिरका धरावा, आणि ज्या हातात काडी आहे त्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची बोटे हलकेच आपटावीत. काडीवर किंवा पेल्याच्या काठावर आपटल्यास धक्का थेट गोळ्याला बसतो. जादा चॉकलेट गळत असताना काडी सावकाश फिरवत राहावी म्हणजे थेंब एकाच बाजूला साचत नाही. गळणे थांबले की काडीभोवती साचलेले चॉकलेट बोटाने किंवा टूथपिकने पुसावे, पण तिथली फट उघडी राहणार नाही याकडे लक्ष द्यावे. आतले तेल बाहेर येते ते नेमके याच फटीतून.

पॉप उभे करायला थर्मोकोलचा जाड तुकडा सर्वांत चांगला. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला चालतो, त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवावा आणि भोके आधीच पाडून ठेवावीत. तांदळाने भरलेल्या डब्यात काड्या रोवून पाहिल्या, पण त्या हळूहळू कलतात. खोबऱ्याचा कीस किंवा रंगीत दाणे टाकायचे असतील तर बुडवल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत टाकावेत, कारण गार गोळ्यावर आवरण लवकर धरते.

ट्रफल असेल तर गोळा काट्याच्या चमच्यावर ठेवून बुडवावा, चमचा पेल्याच्या काठावर पुसावा आणि गोळा बटर पेपरवर सरकवावा. खाली चॉकलेटची चकती पसरली तर चॉकलेट पातळ आहे किंवा चमचा नीट पुसलेला नाही.

आवरणाला तडे का जातात

एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी वीस पॉप केले होते. वीज दुपारी गेली आणि संध्याकाळी आली, त्यामुळे गोळे लवकर घट्ट व्हावेत म्हणून मी ते फ्रीझरमध्ये ठेवले. बुडवल्यावर ते अतिशय सुरेख दिसत होते, दोन मिनिटांत गोठलेही. अर्ध्या तासाने बारा पॉपवर वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

कारण साधे आहे. गोठलेला गोळा आकसलेला असतो. त्यावर चॉकलेट झटकन कडक होते, आणि नंतर आतला गोळा खोलीच्या तापमानाला येताना फुगतो तेव्हा त्या कडक कवचाला ताणता येत नाही. म्हणून गोळा थंड असावा पण बर्फासारखा नसावा. माझी खूण अशी की गोळा हाताला माठातल्या पाण्याइतका गार लागला पाहिजे. हिवाळ्यात फ्रिजमधून काढून आठ-दहा मिनिटे बाहेर ठेवल्यावर तो तसा होतो. एका वेळी पाच-सहा गोळेच बाहेर काढावेत, नाहीतर शेवटचा हाती येईपर्यंत मऊ पडतो. तडा गेलेला पॉप पूर्ण खोलीच्या तापमानाला आला की पुन्हा एकदा पातळ चॉकलेटमध्ये बुडवावा. दुसरे आवरण तडा झाकते आणि पुन्हा फुटत नाही, कारण आता आतला गोळा फुगायचा उरलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी काडीच्या बुडाशी किंवा एखाद्या भोकातून पिवळसर तेलाचा थेंब दिसला तर आतले क्रीम जास्त आहे, किंवा मळताना ते वितळून वेगळे झाले आहे. त्या पॉपचे तेल पुसून भोकावर चॉकलेटचा ठिपका लावता येतो, मात्र मिश्रण पुढच्याच खेपेला सुधारता येते.

हवा, साठवण आणि प्रवास

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडे या कामाचे दिवस. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि चॉकलेटचे आवरण छत्तीस-सदतीस अंशांच्या आसपासच सैल पडते, त्यामुळे कूलरच्या खोलीतही पॉप उभे राहत नाहीत. उन्हाळ्यात मी बुडवतच नाही. गनाशने बांधलेले ट्रफल नुसते खोबऱ्याच्या किसात किंवा कोको पावडरमध्ये घोळवते आणि फ्रिजमधून थेट वाढते. व्हॅनिलाच्या चुऱ्यात त्या वेळी संत्र्याच्या सालीचा बारीक कीस घालते. फक्त वरचा नारिंगी भाग घ्यावा, पांढरा भाग कडू असतो. आणि संत्र्याचा रस अजिबात घालू नये, तो चुऱ्यात नुसते पाणी ओतण्यासारखाच आहे.

पावसाळ्यात अडचण वेगळी असते. फ्रिजमधून काढलेल्या पॉपवर दमट हवेतले पाणी साचते, थेंब वाळल्यावर साखरेचे पांढुरके डाग राहतात आणि आवरण चिकट होते. त्या दिवसांत पॉप बंद डब्यातच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बाहेर काढल्यावरही डबा लगेच उघडू नये. डब्याच्या बाहेरून पाणी सुटेल, त्याला सुटू द्यावे. डबा खोलीच्या तापमानाला आला की मग झाकण काढावे.

बटरक्रीमने बांधलेले पॉप हिवाळ्यात खोलीत दोन दिवस चांगले राहतात, फ्रिजमध्ये पाच. क्रीम घातलेल्या गनाशचे पॉप मात्र मी फ्रिजमध्येच ठेवते आणि तीन दिवसांत संपवायला सांगते. एसटीने किंवा मोटारसायकलवरून पाठवायचे असतील तर प्रत्येक पॉपला छोटी पिशवी बांधून, मिठाईच्या खोक्यात आडवे, बटर पेपरच्या दोन घड्यांमध्ये ठेवावेत. उभे ठेवलेले पॉप खड्ड्यांच्या रस्त्यावर काडीपाशी सुटतात. नेर ते यवतमाळ या रस्त्यावर मी दोन्ही प्रकारे पाठवून पाहिले आहे, आणि आडवे ठेवलेल्या खोक्यातला एकच सुटला होता.